कागद जुना आहे. चित्र कधीचे आहे?

*गेल्या महिन्यात चोर बाजारात माझ्या यजमानांना एक छोटे चित्र फार आवडले. वहीच्या पानाएवढ्या कागदावर गच्चीवर बसलेले राजपुत्र आणि राजकन्या आहेत, मागच्या बाजूला फारसी किंवा उर्दू मजकूर आहे, कागद चांगलाच पिवळा पडला आहे आणि त्याला कसर लागलेली आहे. चित्र शाहजहानच्या काळातले आहे, असे दुकानदार म्हणतो. त्याने आमच्यासमोर चित्रावर ओले बोट फिरवले आणि "रंग सुटला नाही, म्हणजे माल अस्सल" असे सांगितले. किंमत 85 हजार आहे. 10 हजार इसार देऊन आठ दिवसांसाठी चित्र घरी आणले आहे. लंडनला असलेल्या मुलीला लग्नाची भेट म्हणून ते द्यायचे मनात आहे. पुढची बाजू, मागची बाजू आणि डावा कोपरा असे तीन फोटो सोबत पाठवत आहे. चित्र खरोखर जुने आहे का, हे घरच्या घरी ओळखता येईल का?*
*— एक वाचक, गिरगाव*

नमस्कार.

उरलेले 75 हजार रुपये देऊ नका. तुमचे चित्र शाहजहानच्या काळातले नाही, हे मी केवळ फोटोंवरून खात्रीने सांगते. ते गेल्या काही दशकांत पर्यटकांसाठी काढलेले असावे, असा माझा अंदाज आहे, आणि हा अंदाज तुम्हाला घरीच, एक भिंग आणि खिडकीतला उजेड एवढ्यावर बऱ्याच अंशी तपासून पाहता येईल. मी या निर्णयाला कशी आले, ते सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणतेही लघुचित्र हातात घ्याल तेव्हा हीच नजर लागेल.

सुरुवात मागच्या बाजूपासून करू या. तुमच्या दुसऱ्या फोटोतला मजकूर हाताने लिहिलेला नाही, तो शिळाछापाचा आहे. बोरूने लिहिताना शाई कधीच एकसारखी उतरत नाही. बोरू दौतीत बुडवून काढला की पहिली दोन-तीन अक्षरे गडद येतात, मग शाई हळूहळू फिकी होत जाते आणि पुन्हा बोरू बुडवला की एकदम गडद होते. वळणाच्या टोकाला शाईचा बारीक थेंब साचून राहतो. तुमच्या पानावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काळा रंग अगदी सपाट आणि एकाच छटेचा आहे, मजकुराभोवतीची चौकटही त्याच काळ्या शाईत उमटलेली आहे आणि वर मधोमध पानाचा आकडा आहे. शिळाछापात मजकूर आधी सुंदर हस्ताक्षरात लिहून तो दगडावर उतरवत आणि मग छापत, त्यामुळे अक्षराचे वळण हाताचेच दिसते आणि भलेभले फसतात. हे तंत्र हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजले. लखनौचा नवल किशोर छापखाना 1858 साली सुरू झाला, आणि आपल्या मुंबईतही त्या शतकात फारसी पुस्तके शिळाछापावर छापली जात होती. शाहजहानची कारकीर्द 1628 ते 1658 अशी आहे. ज्या कागदावर चित्र काढले आहे तो कागदच त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी छापला गेला असेल, तर त्यावरचे चित्र त्याच्या काळातले असण्याचा प्रश्नच उरत नाही.

मागे मजकूर असणे ही गोष्ट मुळात संशयास्पद नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मुघल बादशहांच्या चित्रसंग्रहांतल्या पानांवर एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला सुलेखन असे, पण ते दोन वेगवेगळे कागद असत, एकावर एक चिकटवलेले आणि भोवती नक्षीदार हाशिया जोडलेले. सचित्र हस्तलिखितात एकाच पानावर मजकूर आणि चित्र असे, पण लेखनिक चित्रासाठी जागा सोडून लिहीत असे. चित्राच्या खाली मजकूर दडलेला नसे. तुमच्या पहिल्या फोटोत आकाशाच्या पातळ निळ्या रंगातून अक्षरांचे नुक्ते डोकावताना दिसतात. म्हणजे छापील पानाच्या दुसऱ्या बाजूवरही मजकूर होता आणि त्याच्यावरच चित्र रंगवले गेले. दिवसा खिडकीच्या काचेपुढे पान धरा, काचेला न टेकवता. राजपुत्राच्या अंगरख्यातून, गच्चीच्या कठड्यातून ओळी सरळ आडव्या जाताना दिसल्या, तर याबद्दल शंका राहणार नाही. पानाच्या दोन्ही बाजूंचे मजकूर उजेडात एकमेकांत मिसळतात, म्हणून आधी मागची बाजू नीट बघून ठेवा आणि मग तिच्याशी न जुळणाऱ्या ओळी शोधा.

आता कागदाच्या वयाबद्दल एक गोष्ट, जिच्यावर पुढचे सगळे उभे आहे. कागद चित्राच्या वयाची फक्त एकच बाजू सांगतो: चित्र याच्या आधीचे नाही. कागद शंभर वर्षे जुना निघाला म्हणजे चित्र शंभर वर्षे जुने ठरत नाही. राजस्थानातल्या पर्यटनाच्या गावांत जुन्या वह्यांची पाने, सावकारी बह्या, संस्थानी मुद्रांक कागद आणि फाटक्या उर्दू-फारसी पुस्तकांची पाने चित्रांसाठी वापरली जातात. यात दरवेळी फसवणूक असते असेही नाही. कित्येक चित्रकार आणि दुकानदार "जुन्या कागदावर नवे काम" असे मोकळेपणाने सांगून विकतात, आणि त्यातली काही कामे हाताच्या सफाईने खरोखर चांगली असतात. ते चित्र दोन-तीन हातांतून फिरले, की "जुन्या कागदावरचे चित्र" या वर्णनाचे "जुने चित्र" होते. म्हणून जुना कागद दिसला की पुढचा प्रश्न असा विचारायचा: कागदाला जे वय झाले, त्यावेळी रंग त्याच्यावर होता का?

हा प्रश्न मी फार महाग पडून शिकले. कागदाच्या जतनाचे काम शिकायला लागून जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून मी सिंहाच्या शिकारीचे एक पान घेतले. बहीचा कागद होता, लाल रेघा होत्या, कसरीने कोरलेल्या वाटा होत्या, आणि मला वाटले की आपल्याला घबाड सापडले. माझ्या गुरूंनी ते पान टेबलावर ठेवले, दहापट मोठे दाखवणारे भिंग हातात दिले आणि घोड्याच्या मानेवरचे एक छिद्र पाहायला सांगितले. छिद्राच्या आतल्या कडेला, कागदाचे तंतू जिथे उघडे पडतात तिथे, घोड्याचा तपकिरी रंग पाझरून सुकला होता. त्या म्हणाल्या, "किडा रंगासकट कागद खातो. मग हा रंग छिद्राच्या आत कसा गेला?" त्यानंतर आजवर हातात आलेल्या प्रत्येक पानावर मी सर्वात आधी छिद्र शोधते.

तुमच्या तिसऱ्या फोटोत हेच दिसते आहे. डाव्या कोपऱ्यातून निघालेली कसरीची वाट समासातून वर चढते आणि राजकन्येच्या नारिंगी ओढणीत शिरते. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ओढणीतल्या दोन छिद्रांची आतली कड मला नारिंगी दिसली, आणि समासातल्या छिद्रांची कड कागदाच्या रंगाची. फोटोत सावली फसवू शकते, म्हणून तुम्ही प्रत्यक्ष भिंगाने पाहा. चित्र जुने असेल आणि कीड नंतर लागली असेल, तर रंगाचा थर आणि कागद दोन्ही एकाच रेषेत कापल्यासारखे दिसतात आणि छिद्राची आतली भिंत कोरी असते. छिद्र आधीचे असेल आणि रंग नंतरचा, तर रंग काठावरून आत ओघळतो, काठाशी जाडसर साचतो, किंवा चित्रकाराने छिद्र चुकवून ब्रश वळवल्याची खूण राहते. लहान छिद्रांवरून रंगाचा पातळ पडदा पसरलेला मी पाहिला आहे. तसे तुम्हाला कुठे दिसले, तर पुढची कुठलीच तपासणी करायची गरज नाही.

घडीची रेघ आणि डाग यांनाही हाच न्याय लावायचा. रंगवलेल्या कागदाला नंतर घडी पडली, तर घडीच्या उंचवट्यावर रंगाचे बारीक कपचे उडतात आणि खालचा पांढरा अस्तर किंवा कागद उघडा पडतो. आधीच घडी पडलेल्या कागदावर रंगवले, तर रंग त्या खाचेत साचतो, तिथे तो भोवतालापेक्षा गडद दिसतो आणि सलग असतो. पाण्याचा डाग समासात गडद आहे पण चित्राच्या चौकटीशी येऊन एकाएकी थांबतो, असे दिसले, तर डाग रंगाच्या खाली आहे. खरा डाग चौकट ओळखत नाही. तो समासातून चित्रात शिरतो आणि वाटेत येणारा रंगही थोडा हलवतो.

डागांविषयी मुंबईकरांनी थोडे अधिक सावध राहायला हवे. कागदावरचे तपकिरी ठिपके पाहून माणसे शतकांचा हिशोब करू लागतात. आपल्या हवेत, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला लावलेल्या तसबिरीत असे ठिपके तीन-चार वर्षांतही उमटू शकतात. पिवळेपणही तसेच आहे, चहाच्या पाण्याने तो एका दुपारीत आणता येतो. चहाचा पिवळेपणा पुष्कळदा समासाच्या काठाकाठाने आणि दोन्ही बाजूंना सारखाच असतो. वयाने आलेला पिवळेपणा हवा आणि उजेड जिथे पोहोचले तिथे अधिक आणि झाकलेल्या भागात कमी असतो.

ओल्या बोटाच्या परीक्षेबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे: ती पुन्हा कोणालाही करू देऊ नका. आपल्या पारंपरिक लघुचित्रांतले रंग बाभळीच्या डिंकात कालवलेले असतात, आणि डिंक शेकडो वर्षांनीही पाण्याने सैल होतो. अस्सल जुन्या चित्रावर ओले बोट फिरवले, तर रंग बोटाला लागण्याची शक्यता मोठी असते. बाजारात बाटलीत मिळणारा अॅक्रिलिक रंग मात्र एकदा सुकला की पाण्याला दाद देत नाही. म्हणजे ही परीक्षा नव्या रंगाला पास करते आणि जुन्या चित्राचे कायमचे नुकसान करते. तुमच्या चित्रावरून रंग सुटला नाही, हे सतराव्या शतकाच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बाजूने बोलते. अर्थात एवढ्यावरून अॅक्रिलिक ठरत नाही, कारण दुकानदाराचे बोट किती ओले होते आणि कुठे फिरले, हे आपल्याला माहीत नाही.

रंगांकडे वळते. इथेही नियम कागदासारखाच आहे. उशिरा शोध लागलेला एक रंग मूळ चित्रात सापडला, की चित्र त्या शोधाच्या आधीचे नाही. पण सगळे रंग जुन्या पद्धतीचे निघाले म्हणून चित्र जुने ठरत नाही. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, लाजवर्द हे सारे आजही मिळते, आणि जयपूरचे काही चित्रकार आजही दगड खलून रंग करतात. त्यामुळे रंगांत आपण नव्याची खूण शोधतो, जुन्याची नाही.

ती खूण शोधायला सर्वात सोयीचा रंग पांढरा. आपल्या चित्रकारांचा मुख्य पांढरा म्हणजे शिशापासून केलेला सफेदा. जस्ताचा पांढरा जलरंग म्हणून बाजारात आला तो 1834 नंतर, आणि टायटॅनियमचा पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तयार होऊ लागला व 1920 नंतर पसरला. आज पोस्टर कलरच्या बाटलीत असतो तो प्रामुख्याने हाच. साध्या उजेडात तिन्ही पांढरे दिसतात, पण अतिनील टॉर्चखाली वेगळे होतात. 365 नॅनोमीटरची छोटी टॉर्च नोटा तपासण्यासाठी किंवा रत्नांच्या कामासाठी विकली जाते, तीच चालेल. 395 नॅनोमीटरची स्वस्त जांभळी टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड टाकते की काही कळत नाही. खोली पूर्ण अंधारी करा, टॉर्च डोळ्यांकडे वळवू नका, आणि चित्र काही सेकंदांपेक्षा जास्त तिच्याखाली ठेवू नका. राजपुत्राच्या गळ्यातले मोती, डोळ्यांतले पांढरे आणि गच्चीचा संगमरवर पाहा. जस्ताचा पांढरा पिवळसर हिरवट चमकतो. टायटॅनियमचा पांढरा उलट काळपट पडतो, जणू मोत्यांच्या जागी भोके पडली आहेत. शिशाचा सफेदा या दोन्हींसारखा वागत नाही, त्याची चमक मंद असते. त्याच वेळी कागदाकडेही पाहा. दुरुस्तीसाठी मागे लावलेली एखादी पट्टी निळसर पांढरी झगझगली, तर तिच्यात कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन आहे, आणि ते साधारण 1950 नंतरच्या कागदातच सापडते.

मोती काळे दिसले म्हणून लगेच निकाल देऊ नका. अस्सल जुन्या चित्राचीही कुणीतरी मधल्या काळात डागडुजी केलेली असते आणि डागडुजीत नवा पांढरा येतो. फरक असा, की डागडुजी झिजलेल्या जागी, तुकड्यातुकड्यांनी असते. सगळे मोती, दोघांचे चारही डोळे, कठडा आणि आकाशातला पातळ पांढरा हे सारे एकजात काळपट पडले, तर ती डागडुजी नाही, तेच मूळ काम आहे.

निळ्याकडून मात्र घरी फारशी अपेक्षा ठेवू नका. लाजवर्द दगडापासून केलेला निळा आणि 1828 नंतर कारखान्यात बनू लागलेला त्याचाच कृत्रिम भाऊ यांची रासायनिक घडण जवळजवळ एकच आहे. मूलद्रव्ये ओळखणारे एक्स-किरणांचे यंत्रही त्यांच्यात सहसा फरक करू शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचे कण लहानमोठे आणि धारदार दिसतात, त्यांच्यात दुसऱ्या खनिजांचे तुकडे मिसळलेले असतात, आणि कारखान्याचे कण बारीक, गोलसर आणि एकसारखे दिसतात. हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. म्हणून "हा खरा लाजवर्दचा निळा आहे" असे दुकानात कुणी डोळ्यांनी पाहून सांगितले, तर त्याला काहीच अर्थ नाही.

एक रंग असा आहे जो थोडासा उलट दिशेने, म्हणजे जुनेपणाच्या बाजूने साक्ष देतो. त्याचे नाव पिवडी. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून तो बिहारमध्ये मुंगेरजवळच्या एका गावात होत असे. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी 1883 साली या पद्धतीचे वर्णन लिहून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे उत्पादन बंद पडले. अतिनील उजेडात पिवडी लख्ख पिवळी चमकते. राजस्थानी चित्रांत ती भरपूर वापरलेली असते आणि आज ती सहजी मिळत नाही, त्यामुळे नकलेत ती असण्याची शक्यता कमी. पण आजचे काही कृत्रिम पिवळे रंगही तसेच चमकतात, म्हणून तुमच्या राजकन्येचा घागरा चमकला तर हुरळून जाऊ नका. प्रयोगशाळेत तपासण्यासारखी ती एक गोष्ट आहे, इतकेच म्हणा.

आता शैली. लोक सहसा इथून सुरुवात करतात. मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण शैलीची नक्कल करणे हाच तर नक्कल करणाऱ्याचा व्यवसाय आहे. तरीही तुमच्या चित्रात शैलीनेच एक मोठी चूक उघडी पाडली आहे. राजपुत्राच्या डोक्यामागे मुघल बादशहांच्या चित्रांतले सोनेरी तेजोवलय आहे, त्याची पगडीही शाहजहानी वळणाची आहे. राजकन्येचा डोळा मात्र कमानीसारखा वर ओढलेला, कानाकडे निमुळता होत गेलेला, आणि नाक टोकदार. हा चेहरा किशनगढचा आहे. तो राजा सावंतसिंह आणि त्याचा चित्रकार निहालचंद यांच्या हातून अठराव्या शतकाच्या मध्याला घडला, शाहजहानची कारकीर्द संपल्यानंतर सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी. "बनी ठनी" या नावाने तो इतका प्रसिद्ध झाला आहे की आज पर्यटकांच्या दुकानात मुघल, बुंदी, मेवाड कोणत्याही चित्रातल्या स्त्रीला हाच चेहरा मिळतो. जुन्या चित्रशाळेतला चित्रकार आपल्या दरबारची पगडी, अंगरख्याचा घेर आणि दागिने रोज पाहत होता. त्याच्याकडून चूक होई ती हाताची. दोन दरबार आणि दोन शतके एकाच गच्चीवर बसवण्याची चूक पुस्तकातली चित्रे पाहून काम करणाऱ्याकडून होते.

अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूला आहेत हेही अभ्यासक पाहतात, कारण मुघल काळात मुसलमान पुरुष ते उजव्या बगलेत आणि हिंदू पुरुष डाव्या बगलेत बांधत. तुमच्या राजपुत्राचे बंद डाव्या बाजूला आहेत, आणि दुकानदार त्याला बादशहाचा मुलगा म्हणतो. हे विसंगत आहे, पण मी याला फार वजन देत नाही. छिद्रे पाडलेल्या चरब्यावरून, म्हणजे आकृतीच्या पातळ नमुन्यावरून, कोळशाची पूड मारून आकृती उतरवण्याची रीत जुन्या चित्रशाळांतही होती, चरबा उलटा ठेवला की डावे-उजवे बदलते, आणि अशी उलटी पण अस्सल चित्रेही आहेत.

त्यापेक्षा रंगाची पातळी पाहा. अस्सल लघुचित्र बहुधा वसलीवर असते. वसली म्हणजे खळीने एकमेकांवर चिकटवलेले कागदांचे थर. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे. वर पांढरा अस्तर देतात, आणि रंगाचे हात देताना मधूनमधून चित्र गुळगुळीत दगडावर पालथे ठेवून मागून अकीकाने घोटतात. त्यामुळे रंग कागदात बसतो आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग मुलाम्यासारखा सलग, मऊ चमकतो. एकेरी, ठिसूळ छापील पानाला अशी घोटाई सोसत नाही, ते फाटेल. म्हणून जुन्या पुस्तकाच्या पानावरच्या नव्या चित्रात रंग कागदावर उभा राहतो, कोरडा आणि थोडा भुकटीसारखा दिसतो. टेबलावर चित्र ठेवा, टॉर्च टेबलाच्या उंचीवर धरून बाजूने उजेड टाका, आणि राजकन्येचा गाल पाहा. मग संध्याकाळी काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा आणि तिथल्या लघुचित्रांपैकी एखाद्यासमोर बाजूला सरकून, गालावर उजेड पडेल अशा कोनात उभे राहा. कानाजवळच्या बटेचे केस कसे एकेक सुटून त्वचेत विरत जातात आणि हनुवटीखालची छाया रेघांनी नाही तर सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी कशी आणली आहे, ते पाहून घरी आलात, की तुमच्या राजपुत्राची दाढी तुम्हाला वेगळी दिसेल. फोटोत ती समान जाडीच्या, झपझप ओढलेल्या रेघांची आहे.

लंडनच्या बेताबद्दल. 1972 च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र ही पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, विक्रीसाठी व्यापाऱ्याकडे परवाना लागतो, आणि लघुचित्रे नोंदणी सक्तीच्या प्रकारांत मोडतात. तुमचे चित्र नवे असेल, तर ते पाठवण्यास या कायद्याची आडकाठी नाही. पण जुन्या दिसणाऱ्या वस्तूवरून विमानतळावर अडवणूक होऊ शकते, आणि इथे तर खालचे छापील पान खरोखर जुने आहे. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. तो अर्ज करताना पानाबद्दलही मोकळेपणाने लिहा.

हाच कायदा इसार परत मिळवताना तुमच्या कामी येईल. दुकानात जाऊन भांडू नका. पावतीवर "शाहजहानकालीन, सतरावे शतक" असे लिहून सही-शिक्का द्यायला सांगा, आणि सोबत चित्राच्या नोंदणीचा दाखला व त्याचा व्यापाराचा परवाना दाखवायला सांगा. चित्र खरोखर तितके जुने असेल तर हे कागद त्याच्याकडे असलेच पाहिजेत. नसतील, तर एक तर तो बेकायदा विक्री करतो आहे किंवा चित्र नवे आहे, आणि दोन्ही परिस्थितींत तुमचे 10 हजार ठेवून घेण्याचा आग्रह तो धरणार नाही, असे मला वाटते. चित्र तुमच्या यजमानांच्या मनात इतके भरले असेल, तर त्याच दुकानदाराला नव्या कामाचा भाव विचारा आणि पावतीवर "जुन्या छापील कागदावर नवे चित्र" असे लिहून घ्या. त्याआधी ओढणीतली ती दोन छिद्रे मात्र स्वतः भिंगाने पाहा. फोटोतली नारिंगी कड सावलीची होती की रंगाची, हे कळवलेत तर मला आवडेल.